शालेय नोंदीच्या आधारे प्रौढ व्यक्तीची विलंबित जन्मनोंदणी : नगरपरिषदेच्या निबंधकांना लिहावयाच्या अर्जाचे स्वरूप

प्रस्तावना

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात 'अर्जलेखन' हा घटक अनेक वर्षांपासून शिकविला जातो. नोकरीसाठी अर्ज, रजेचा अर्ज, पाणीपुरवठ्याबाबतची तक्रार हे त्यातील ठरलेले नमुने होत. प्रत्यक्ष जीवनात मात्र ज्या अर्जातील एखादा शब्द चुकला तर अर्जदाराला वर्षभर हेलपाटे घालावे लागतात, असे अर्ज पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाहीत. जन्माची नोंद नसलेल्या प्रौढ व्यक्तीने नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू निबंधकांना लिहावयाचा अर्ज हा त्यांपैकी एक होय. अशा व्यक्तीजवळ बहुधा एकच कागद असतो, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. या एका कागदाच्या आधारे अर्ज कसा लिहावा, तो कागद काय सिद्ध करतो व काय सिद्ध करू शकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात एका नमुना-प्रकरणाच्या आधारे केला आहे. सदर प्रकरण विवेचनासाठी रचलेले असून ते महाराष्ट्रातील आहे.

निबंधकांचे अधिकार व त्यांची मर्यादा

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची माहिती एकवीस दिवसांच्या आत देणे अपेक्षित असते. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. तीस दिवसांनंतर एक वर्षापर्यंत विहित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटून गेल्यावर मात्र कलम १३ च्या पोटकलम (३) नुसार दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होऊ शकत नाही. पूर्वी हा आदेश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी देत असत. २०२३ च्या सुधारणेनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. ज्या क्षेत्रात जन्म झाला त्या क्षेत्रावर अधिकारिता असणाऱ्या दंडाधिकाऱ्यांनीच हा आदेश द्यावयाचा असतो, आणि तोही जन्माच्या सत्यतेची पडताळणी केल्यानंतर.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'माझ्या जन्माची नोंद करून दाखला द्यावा' अशी विनंती पन्नाशीच्या व्यक्तीने निबंधकांना केली, तर निबंधकांनी ती इच्छा असूनही मान्य करता येत नाही. असे अर्ज 'नोंद आढळत नाही' एवढ्याच शेऱ्यासह परत येतात, आणि अर्जदाराचा समज होतो की कार्यालय सहकार्य करीत नाही. वस्तुतः त्याने चुकीच्या अधिकाऱ्याकडे चुकीची मागणी केलेली असते. निबंधकांकडे या टप्प्यावर मागता येण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत. पहिली, जुन्या नोंदवह्यांचा शोध. दुसरी, नोंद न आढळल्यास तसे लेखी प्रमाणपत्र, ज्याला अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात. या प्रमाणपत्राच्या आधारे दंडाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र अर्ज करावयाचा असतो. त्यांचा आदेश मिळाल्यावर पुन्हा निबंधकांकडे येऊन, विहित शुल्क भरून नोंद करून घ्यावयाची असते. म्हणजे निबंधकांशी संबंध दोनदा येतो, आणि पहिल्या वेळी लिहिलेल्या अर्जातील विधानेच पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर जातात. म्हणूनच पहिला अर्ज काळजीपूर्वक लिहिणे आवश्यक ठरते.

शाळेची नोंद : तिचा उगम व तिचे बळ

शाळा सोडल्याचा दाखला हा मूळ दस्तऐवज नव्हे. तो शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीचा उतारा असतो, आणि दाखल्यावर तसे छापलेलेही असते. या रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याचा नोंद क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मदिनांक, प्रवेशाचा दिनांक इत्यादी रकाने असतात. विद्यार्थी पुढे माध्यमिक शाळेत गेला की प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून तेथील रजिस्टर भरले जाते, आणि त्यावरून शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावरील जन्मदिनांक येतो. पुढे आधारपत्र, पारपत्र, सेवापुस्तक यांवरही तोच दिनांक चढतो. अर्जदार हे सर्व कागद एकत्र जोडून 'माझ्याकडे पाच पुरावे आहेत' असे म्हणतो. परंतु ते पाच साक्षीदार नसून एकाच साक्षीदाराचे पाच प्रतिध्वनी असतात. त्यामुळे अर्जासोबत सर्वांत जुन्या नोंदीची, म्हणजे पहिल्या प्रवेशाच्या वेळच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरची प्रमाणित नक्कल जोडणे हेच महत्त्वाचे. नंतरचे कागद केवळ सातत्य दाखवितात.

या मूळ नोंदीचे बळ किती, याबाबत सर्वोच्च न्यायालयाने बिरदमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या १९८८ च्या निवाड्यात महत्त्वाचे विवेचन केले आहे. ते प्रकरण निवडणुकीतील उमेदवारांच्या वयासंबंधीचे होते. शाळेच्या रजिस्टरमधील जन्मदिनांकाची नोंद पुराव्यात ग्राह्य असली, तरी ती कोणाच्या माहितीवरून व कोणत्या आधारावर केली गेली हे दाखविता आले नाही, तर तिला फारसे पुरावामूल्य राहत नाही, असे त्यात सांगितले आहे. आईवडील किंवा जन्माची प्रत्यक्ष माहिती असणारी व्यक्ती यांनी दिलेली माहिती आणि शाळेत नेऊन सोडणाऱ्या कोणा त्रयस्थाने दिलेली माहिती यांत फरक करावा लागतो. अर्जदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, 'शाळेत ही तारीख लिहिलेली आहे' एवढे म्हणून भागत नाही. 'ती कोणी लिहवून घेतली' हे सांगावे लागते.

येथे महाराष्ट्रातील एक परिचित वस्तुस्थिती लक्षात घेणे अपरिहार्य आहे. आपल्या महाविद्यालयांतील सेवाज्येष्ठता याद्या पाहिल्या, तर १ जून हा जन्मदिनांक इतर दिनांकांपेक्षा कितीतरी अधिक वेळा दिसतो. शाळा जूनमध्ये सुरू होत. पालकांना तारीख सांगता येत नसे. अशा वेळी गुरुजी मुलाचा अंदाज घेऊन, पहिलीच्या प्रवेशासाठी लागणारे वय पूर्ण होईल अशा बेताने १ जून ही तारीख लिहीत. त्यात लबाडीचा हेतू नव्हता. पटावर मूल यावे एवढाच उद्देश होता. परंतु त्यामुळे दाखल्यावरील तारीख ही जन्माची तारीख नसून प्रवेशाच्या दिवसापासून मागे मोजलेली तारीख असण्याची शक्यता निर्माण होते. पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. अर्जदाराने ते लपविण्याचा प्रयत्न केल्यास त्याच्या इतर खऱ्या विधानांवरचाही विश्वास कमी होतो.

नमुना-प्रकरण

एका महिलेच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मदिनांक १ जून १९७३ असा आहे. तिने ११ जून १९७९ रोजी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिलीत प्रवेश घेतला. म्हणजे प्रवेशाच्या वेळी तिला सहा वर्षे पूर्ण होऊन दहा दिवस झाले होते. हे मोजमाप पाहताच तारीख मागे मोजलेली असावी अशी शंका येते. जन्मस्थळाच्या रकान्यात शाळेचे गाव, म्हणजे वडिलांचे गाव लिहिलेले आहे. वडील हयात नाहीत, आई हयात आहे. शाळेत नाव घालायला आपण स्वतः गेलो होतो, असे आई सांगते. मुलीचा मुलगा परदेशात राहतो, आणि आईला तेथे नेण्यासाठीच्या कागदपत्रांत तिचा जन्मदाखला मागितला आहे.

आईला विचारले असता दोन गोष्टी समोर आल्या. पहिली, ही मुलगी पहिलटकरणीची, म्हणून बाळंतपण माहेरी झाले. माहेर तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या हद्दीत. सुईणीच्या हातून घरीच प्रसूती झाली. दुसरी, तारीख आठवत नाही. परंतु दुष्काळाचे साल होते, कारभारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते, अक्षय्य तृतीया होऊन गेली होती आणि पाऊस अजून लागला नव्हता.

या आठवणीचे मूल्य मोठे आहे. महाराष्ट्रातील १९७२-७३ चा दुष्काळ हा इतिहासातील निश्चित टप्पा असल्याने वर्ष ठरते. १९७३ मधील अक्षय्य तृतीया मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते आणि पाऊस जूनमध्ये. म्हणजे जन्म मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी झाला असावा. शाळेची तारीख या मर्यादेत बसते. आईची आठवण तारीख सिद्ध करीत नाही, पण वर्ष व ऋतू यांना शाळेच्या नोंदीहून स्वतंत्र असा आधार देते. आईने सांगितलेला काळ जर पौष किंवा मार्गशीर्ष असता, तर हा मेळ बसला नसता. मग अर्जात ती विसंगती तशीच नमूद करणे भाग पडले असते.

जन्मस्थळाच्या बाबतीत मात्र दाखला आणि आई यांच्यात सरळ विरोध आहे. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपली रीत आणि जन्मस्थळाच्या रकान्यात सासरचे गाव लिहिण्याची शाळांची सवय यांतून ही विसंगती अनेक घरांत आढळते. नोंदणी मात्र जन्म जेथे घडला तेथेच होते. दाखल्यावर विसंबून वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीकडे अर्ज केला, तर निबंधकही चुकीचे आणि दंडाधिकाऱ्यांची अधिकारिताही चुकीची, असे होऊ शकते. म्हणून आईच्या सांगण्यानुसार नगरपरिषदेकडे अर्ज करावा, आणि वडिलांच्या गावी नोंद नाही याचेही प्रमाणपत्र ग्रामपंचायतीकडून घ्यावे. ग्रामीण भागात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना क्रमांक १४, म्हणजेच कोतवाल बुकात असत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्यांचाही शोध घेणे इष्ट होय.

शोधाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. जन्माच्या वेळी मुलाचे नाव ठेवलेले नसल्याने अनेक जुन्या नोंदी नावाशिवाय असतात; लिंग, आईवडिलांची नावे व पत्ता एवढेच लिहिलेले असते. अर्जदाराच्या नावाने शोध घेतल्यास अशी नोंद सापडत नाही. ती अस्तित्वात असेल, तर विलंबित नोंदणीचा प्रश्नच उरत नाही. कलम १४ अन्वये नाव समाविष्ट करून घेण्याचा मार्ग स्वीकारावा लागतो. एकाच जन्माच्या दोन नोंदी होणे ही पुढे दोन्ही नोंदी संशयास्पद ठरविणारी गोष्ट होय. म्हणून शोध आईवडिलांच्या नावाने व विस्तृत कालावधीसाठी मागावा.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. निबंधक, जन्म व मृत्यू नोंदणी,
नगरपरिषद, ………

विषय : सन १९७३ मधील जन्माच्या नोंदीचा शोध घेऊन नोंद न आढळल्यास विलंबित नोंदणीसाठी अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९, कलम १३(३) व कलम १७.

महोदय,

मी खाली सही करणारी, राहणार ………, विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की,

१. माझा जन्म आपल्या नगरपरिषदेच्या हद्दीत ……… पेठेतील आईच्या वडिलांच्या राहत्या घरी झाला. प्रसूती घरी झाल्याने रुग्णालयाची नोंद उपलब्ध नाही.

२. माझ्या जन्मदिनांकाचा उपलब्ध लेखी पुरावा म्हणजे जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ……… येथील जनरल रजिस्टरमधील नोंद क्रमांक ……… हा होय. सदर नोंद ११ जून १९७९ रोजी, माझ्या प्रवेशाच्या वेळी झाली असून तीत जन्मदिनांक १ जून १९७३ असा आहे. ही माहिती माझ्या आईने शाळेत दिली होती. माझी नंतरची सर्व कागदपत्रे याच नोंदीवर आधारलेली आहेत.

३. सदर नोंदीत जन्मस्थळ म्हणून माझ्या वडिलांचे गाव लिहिलेले आहे. प्रत्यक्ष जन्म वर नमूद केलेल्या ठिकाणी झाला. याबाबत आईचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे.

४. जन्माचा नेमका दिवस आईच्या स्मरणात नाही. जन्म १९७३ च्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेनंतर व पावसाळ्यापूर्वी झाल्याचे तिने प्रतिज्ञेवर सांगितले आहे. दिनांकासाठी मी शालेय नोंदीवर विसंबून आहे.

५. कृपया १ जानेवारी १९७२ ते ३१ डिसेंबर १९७४ या कालावधीतील नोंदवह्यांमध्ये पुढील नावांनी शोध घ्यावा : वडील ………, आई ………, आईचे माहेरचे नाव ………. नोंद बालकाच्या नावाशिवाय असण्याची शक्यता आहे.

६. नोंद आढळल्यास तिचा उतारा द्यावा. न आढळल्यास शोधाचा कालावधी नमूद करून अनुपलब्धता प्रमाणपत्र द्यावे, जेणेकरून कलम १३(३) अन्वये सक्षम दंडाधिकाऱ्यांकडे मला अर्ज करता येईल. त्यांचा आदेश प्राप्त झाल्यावर तो सादर करून विहित शुल्क भरण्यास मी तयार आहे.

७. यापूर्वी अन्य कोणत्याही कार्यालयात माझ्या जन्माची नोंद करण्यात आलेली नाही, असे माझ्या माहितीप्रमाणे सत्य कथन करते.

सोबत : जनरल रजिस्टरची प्रमाणित नक्कल, शाळा सोडल्याचा दाखला, आईचे प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचे अनुपलब्धता प्रमाणपत्र, ओळख व निवासाचा पुरावा.

आपली विश्वासू,
(सही)

नमुन्यावरील विवेचन

या अर्जातील चौथा परिच्छेद अनेकांना धोक्याचा वाटेल. 'तारीख आठवत नाही असे आपणच लिहून दिले, तर अर्ज फेटाळला जाणार नाही का?' अशी शंका रास्त आहे. परंतु पर्याय काय, याचा विचार करावा. पन्नास वर्षांपूर्वीच्या घरच्या प्रसूतीची तारीख आईने प्रतिज्ञापत्रात '१ जून १९७३' अशी ठामपणे सांगितली, तर तिने ती दाखल्यावरून वाचून सांगितली हे चौकशीतील पहिल्याच प्रश्नात उघड होते. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि त्याची झळ वृद्ध आईलाच बसते. याउलट, जे आठवते ते आईने सांगावे, जे लिहिलेले आहे ते शाळेने सांगावे, आणि दोहोंचा मेळ दंडाधिकाऱ्यांनी घालावा, अशी विभागणी केल्यास प्रत्येक विधान आपापल्या जागी खरे राहते. अंतिम दिनांक ठरविणे हे दंडाधिकाऱ्यांचे काम आहे, अर्जदाराचे नव्हे.

दुसऱ्या परिच्छेदात 'उपलब्ध लेखी पुरावा' असा शब्दप्रयोग आहे, 'सबळ पुरावा' असा नाही. तसेच माहिती कोणी दिली हे एका वाक्यात सांगितले आहे. १९८८ च्या निवाड्यातील आक्षेपाला हेच वाक्य उत्तर देते. आई हयात नसेल, तर हे वाक्य जसेच्या तसे लिहिता येणार नाही. त्या वेळी जन्माच्या सुमारास घरात असलेली मावशी, मामा अशा प्रत्यक्ष माहिती असणाऱ्या नातलगाचे प्रतिज्ञापत्र शोधावे लागते, आणि त्याचे त्या वेळचे वय किती होते हेही त्यात नमूद करावे लागते. जन्माच्या वेळी जो स्वतः चार वर्षांचा होता, त्याच्या साक्षीला फारसा अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रात अलीकडे या विषयाला वेगळे वळण मिळाले आहे. अपुऱ्या कागदपत्रांवर विलंबित नोंदींचे आदेश दिले गेल्याच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने हे काम थांबविले, आणि मार्च २०२५ मध्ये कठोर कार्यपद्धती जाहीर केली. तीत पुराव्यांच्या छाननीवर व पोलिसांच्या अभिप्रायावर भर देण्यात आला. त्यामुळे केवळ दाखल्याची छायाप्रत जोडलेला दोन ओळींचा अर्ज आता टिकणे कठीण आहे. चौकशीसाठी येणारा पोलीस कर्मचारी शाळेत जाऊन रजिस्टर पाहतो आणि आजोळच्या पत्त्यावर शेजाऱ्यांना विचारतो, हे गृहीत धरूनच अर्ज लिहावयास हवा.

नोंद झाल्यानंतरही एक मर्यादा राहते. दाखल्यावर जन्माच्या दिनांकाबरोबर नोंदणीचा दिनांकही छापला जातो. १९७३ चा जन्म व अर्ध्या शतकानंतरची नोंदणी हे अंतर वाचणाऱ्याच्या लक्षात येतेच. त्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची व शालेय नकलेची प्रत दाखल्यासोबत कायम जपून ठेवावी.

नोंदणी खरोखरच आवश्यक आहे काय?

अर्ज करण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. २०२३ च्या सुधारणेने शाळाप्रवेश, पारपत्र, शासकीय नियुक्ती इत्यादींसाठी जन्मदाखला हाच पुरावा ठरविला आहे. परंतु हा नियम १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागू होतो. त्यापूर्वी जन्मलेल्या व्यक्तीला देशांतर्गत बहुतेक कामांसाठी शालेय दाखला चालतो. परदेशी वकिलातींच्या बाबतीतही, जन्माची नोंद नसल्यास अनुपलब्धता प्रमाणपत्र व त्यासोबत शालेय नोंद असा दुय्यम पुरावा काही ठिकाणी स्वीकारला जातो. आपल्या नमुना-प्रकरणातील मुलाने संबंधित वकिलातीच्या सूचना आधी वाचल्या, तर त्याच्या आईचे काम कदाचित अर्जाच्या पहिल्याच टप्प्यावर संपेल. म्हणूनही सहाव्या परिच्छेदातील 'शोधाचा कालावधी नमूद करून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कालावधी नसलेले अनुपलब्धता प्रमाणपत्र पुढे कोणत्याच कार्यालयात उपयोगी पडत नाही.

निष्कर्ष

एकच शालेय नोंद हाती असताना निबंधकांना लिहावयाचा अर्ज हा दाखला मागण्याचा नसून शोध व अनुपलब्धता प्रमाणपत्र मागण्याचा असतो. शाळेची नोंद दिनांकासाठी उपयोगी पडते, पण जन्मस्थळासाठी ती अनेकदा दिशाभूल करते, आणि १ जूनसारखा दिनांक असल्यास ती स्वतःच प्रश्न उपस्थित करते. या उणिवा अर्जदाराने स्वतः नमूद कराव्यात आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्या व्यक्तीने केवळ आपल्याला आठवते तेवढेच प्रतिज्ञेवर सांगावे. व्यावहारिक मराठीच्या तासाला हा अर्ज शिकविताना विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील ज्येष्ठांचा दाखला आणून त्यातील जन्मदिनांक, प्रवेशदिनांक व जन्मस्थळ हे तीन रकाने शेजारी ठेवून वाचण्यास सांगावे, आणि ज्यांच्याकडे आजी किंवा मावशी हयात आहे त्यांनी तिची आठवण आताच लिहून घ्यावी. ती साक्ष नंतर कोणत्याही कार्यालयातून मिळत नाही.